गणपतीपर्यंत म्हणजे कोणत्या तारखेपर्यंत?

धरमतरच्या खाडीच्या अलीकडे-पलीकडे, म्हणजे पेण, वडखळ, पोयनाड, नागोठणे या पट्ट्यात, मी बरीच वर्षं दुकानदारांसाठी मजकूर लिहिते आहे. सुरुवात डीटीपीच्या कामातून झाली. लग्नपत्रिका, हँडबिलं, बिलबुकं आणि नाक्यावरचे फ्लेक्स. मग हँडबिलं कमी होत गेली आणि तोच दुकानदार फोन पुढे करून म्हणू लागला, "ताई, हा मेसेज जरा नीट करून द्या. संध्याकाळी सगळ्यांना टाकायचाय." 'नीट करून द्या' म्हणजे शुद्धलेखन तपासा, दोन फुलं आणि एक गणपती घाला, एवढीच त्यांची अपेक्षा असे. प्रत्यक्षात त्या चार ओळींमागे केवढं काम असतं, ते मला एकेका प्रसंगातून कळत गेलं.

सणाचा मेसेज दुकानदार घाईत लिहितो. दुकानात गर्दी असते, कंपनीचा माणूस स्कीम सांगून गेलेला असतो, शेजारच्या दुकानाचा मेसेज येऊन पडलेला असतो. त्यामुळे माझ्याकडे येणारे मूळ मजकूर साधारण असे असत:

"गणपती बाप्पा मोरया!!! धमाका धमाका!!! सर्व वस्तूंवर 50% पर्यंत सूट. जुना फ्रीज आणा नवा घेऊन जा. मिक्सर फ्री. घरपोच फ्री. ऑफर फक्त गणपतीपर्यंत. लवकर या नाहीतर पस्तावाल. हा मेसेज दहा जणांना पाठवा."

हा मजकूर वडखळ भागातल्या एका घरगुती उपकरणांच्या दुकानाचा आहे. दुकानाचं नाव सांगत नाही. शेठ सरळ माणूस आहेत, कोणाला फसवायचा त्यांचा हेतू नव्हता. पण त्या वर्षी या मेसेजवरून दुकानात वाद झाला. तो नेमका कशावरून झाला, हे आमच्या भागाबाहेरच्या माणसाला पटकन कळणार नाही.

वाद 'गणपतीपर्यंत' या मुदतीवरून होता. शेठच्या मनात गणेश चतुर्थीचा आदला दिवस होता. घरात गणपती येण्याआधी लोक नवी वस्तू नेतात, असा त्यांचा हिशेब. पण कोणाकडे दीड दिवसाचा गणपती असतो, कोणाकडे पाच दिवसांचा, कोणाकडे गौरीबरोबर विसर्जन होतं, कोणाकडे अनंत चतुर्दशीला. पेण-उरण-अलिबाग पट्ट्यात तर अनंत चतुर्दशीनंतरही गणपती संपत नाहीत, कारण इथे भाद्रपद वद्य चतुर्थीला साखरचौथीचा गणपती बसतो. एक गृहस्थ साखरचौथीच्या आदल्या दिवशी फोनमधला मेसेज दाखवत दुकानात आले आणि म्हणाले, "आमचा गणपती तर उद्या येणार आहे. मग ऑफर संपली कशी?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. शेठचंही नव्हतं. खोट मजकुरात होती, आणि तिचा त्रास काउंटरवर उभ्या असलेल्या पोराला झाला. मेसेज त्याने लिहिला नव्हता आणि सूट द्यायचा अधिकारही त्याला नव्हता.

तेव्हापासून मी मजकूर हातात घेतला की भाषेला हात लावण्याआधी प्रश्न विचारते. ऑफर कोणत्या वस्तूंवर आहे? कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत? माल किती ठेवलाय आणि तो आधी संपला तर काय? जुनी वस्तू कोणत्या अवस्थेत चालेल? गाडी कुठपर्यंत फुकट जाईल? मिक्सर कोणता आणि कोणत्या मॉडेलवर? वहीत हे प्रश्न एका पानावर लिहून ठेवले आहेत, कारण दुकानदार समोर बसला की बोलण्याच्या ओघात एखादा राहून जातो.

बहुतेक वेळा समोरून उत्तर येतं, "ते गिऱ्हाईक आल्यावर बघू." म्हणजे ऑफर ठरलेलीच नसते, फक्त जाहीर करायची असते. जी अट लिहिता येत नाही ती दुकानदाराने स्वतःशीही ठरवलेली नसते, आणि न ठरवलेली अट ऐन गर्दीत, माणूस बघून ठरते. ओळखीच्याला एक भाव पडतो, अनोळख्याला दुसरा. पुढे तेच दोघं विसर्जनाच्या रांगेत एकमेकांना भेटतात आणि दुकानाचं नाव खराब होतं. म्हणून या कामाचा मोठा भाग लिहिण्याआधीचा आहे: दुकानदाराला बसवून त्याच्याकडून निर्णय काढून घेणं.

2024 सालच्या गणपतीला याच दुकानाचा मेसेज आम्ही नव्याने केला. ते काम जरा तपशिलात सांगते.

पहिल्यांदा '50% पर्यंत सूट' हातात घेतली. विचारल्यावर कळलं की पन्नास टक्के सूट एकाच वस्तूवर होती, शोकेसमध्ये दोन वर्षं पडलेल्या एका मिक्सरवर. बाकी मालावर पाच ते आठ टक्के. मी म्हटलं, पन्नास वाचून जो माणूस कासूहून रिक्षा करून येईल, त्याला तुम्ही आठ टक्के सांगणार, तेव्हा तो काय म्हणेल? शेठ गप्प बसले. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे. 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. आमिषाच्या जाहिरातीबद्दल त्यात म्हटलं आहे की, जाहीर केलेल्या किमतीला पुरेसा माल मिळेल अशी वाजवी शक्यता हवी, आणि माल मर्यादित असेल तर ते सांगायला हवं. दावा ज्या भाषेत केला त्याच भाषेत खुलासाही हवा, असंही त्यात आहे. मेसेज मराठीत आणि खाली बारीक इंग्रजीत 'अटी लागू' असं करणारे दुकानदार आमच्याकडे पुष्कळ होते. त्यांना मी हे आवर्जून दाखवते.

मग 'मिक्सर फ्री'. तो मिक्सर फक्त एका मोठ्या फ्रीजवर मिळणार होता, आणि त्या फ्रीजची किंमत आदल्या आठवड्यापेक्षा वाढवलेली होती. याला फुकट म्हणता येणार नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. त्याच सूचनांप्रमाणे वस्तू नेण्या-आणण्याचा अटळ खर्च सोडला तर ग्राहकाला काहीही मोजावं लागत असेल, तेव्हा 'मोफत' म्हणायचं नाही. शेठनी थोडा विचार करून मिक्सर काढून टाकला आणि फ्रीजचा भाव पहिल्यासारखा केला. ऑफर लहान झाली, पण खरी झाली.

तारखांचा मुद्दा मजकुरापेक्षा धंद्याचा निघाला. हमरापूर-जोहे भागातल्या गणपतीच्या कारखान्यांत काम करणाऱ्या माणसांना चतुर्थीपर्यंत मान वर करायला वेळ नसतो. रंगकाम, डोळ्यांची आखणी, मूर्ती गाडीत चढवणं, सगळं शेवटच्या दिवसापर्यंत चालतं. हंगामाचा पैसा त्यांच्या हातात असतो, पण दुकानात यायला सवड चतुर्थीनंतरच मिळते. ऑफर चतुर्थीच्या आदल्या दिवशी संपवली की हेच गिऱ्हाईक बाहेर राहतं. त्या वर्षी चतुर्थी 7 सप्टेंबरला होती आणि अनंत चतुर्दशी 17 सप्टेंबरला. आम्ही 1 ते 17 सप्टेंबर असं ठरवलं आणि साखरचौथ त्यात येत नाही हे तारखेवरूनच उघड झालं. कोणाच्या घरचा गणपती किती दिवसांचा, हा प्रश्न मग उरला नाही.

घरपोचचंही तसंच. 'घरपोच फ्री' वाचून खाडीपलीकडून पोयनाडचा माणूस विचारतो, इकडून वाशी-वढावच्या खारपट्ट्यातला विचारतो. टेम्पोवाला दोघांचं वेगळं भाडं घेतो. म्हणून गावं नावानिशी लिहिली. शेवटी गेलेला मजकूर हा:

```
नमस्कार. वडखळ येथील ______ दुकानातर्फे
गणेशोत्सवाच्या शुभेच्छा.

जुना फ्रीज द्या, नव्या फ्रीजवर 1,500 रुपये कमी.

कधी: 1 ते 17 सप्टेंबर 2024. 7 तारखेला दुकान बंद.
कोणते: 3 ठरावीक मॉडेल, एकूण 12 नग.
12 नग संपले की ऑफर संपेल.
जुना फ्रीज: चालू असल्यास 1,500, बंद असल्यास 700 रुपये.
घरपोच: वडखळ, डोलवी, गडब, पेण शहर येथे विनामूल्य.
पोयनाड, कासू, वाशी, वढाव: 300 रुपये.
ही सवलत दुसऱ्या सवलतीबरोबर मिळणार नाही.

मॉडेल व किंमत विचारण्यासाठी याच नंबरवर
सकाळी 10 ते रात्री 8 लिहा किंवा फोन करा.

असे ऑफरचे संदेश नको असतील तर फक्त "बंद" लिहा.
दुरुस्ती व वॉरंटीचे संदेश मात्र चालू राहतील.
```

'लवकर या नाहीतर पस्तावाल' गेलं. बारा नग आहेत हे कळलं की ज्याला घाई करायची तो करतो, त्याला धाक घालावा लागत नाही. 'दहा जणांना पाठवा' हेही गेलं. पुढे पाठवलेल्या मेसेजला मालक राहत नाही. ऑफर संपल्यावरही तो फिरत राहतो आणि पुढच्या वर्षी कोणीतरी तोच घेऊन दारात उभा राहतो. तारखेबरोबर साल लिहिण्याची सवय मला त्यातूनच लागली.

तरी या मजकुरातली 'बंद' लिहा ही ओळ शेठना अजिबात पटत नव्हती. "आपणच गिऱ्हाइकाला सांगायचं, नको म्हण म्हणून?" असं ते विचारत. त्यांचं मन वळलं ते माझ्या सांगण्याने नाही, आधी घडून गेलेल्या दोन प्रसंगांनी.

त्यातला पहिला ग्रुपचा. सुरुवातीला शेठनी बिलबुकातले सगळे नंबर घेऊन व्हॉट्सॲपवर एक ग्रुप केला होता. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. मिक्सर दुरुस्तीला देताना नंबर दिलेल्या एका बाईंना त्या ग्रुपमधल्याच कोणा अनोळखी माणसाचे रोज सकाळी मेसेज येऊ लागले. त्या दुकानात आल्या आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "मी नंबर तुम्हाला दिला होता. गावाला नव्हता दिला." शेठनी त्याच दिवशी ग्रुप मोडला. त्यानंतर ब्रॉडकास्ट यादी केली. तिच्यात प्रत्येकाला मेसेज स्वतंत्र पोचतो, उत्तर फक्त दुकानाला येतं, आणि कोणाला कोणाचा नंबर दिसत नाही.

ब्रॉडकास्ट यादीच्या दोन मर्यादा आहेत. एका यादीत 256 नंबर बसतात. आणि ज्याने दुकानाचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवला आहे, त्यालाच तो मेसेज पोचतो. दुकानदारांना ही दुसरी गोष्ट अडचण वाटते. मला ती चांगली चाळणी वाटते. ज्याला मेसेज हवा आहे त्याने निदान नंबर तरी साठवलेला असतो. म्हणून आम्ही काउंटरवर पाटी लावली: ऑफर कळवावी असं वाटत असेल तर हा नंबर साठवा आणि त्यावर 'हो' लिहा. बिल करताना नंबर घेतला म्हणजे जाहिरातीला परवानगी मिळाली, असा अर्थ नव्हे. बिलासाठी मोबाइल नंबरचा आग्रह धरू नका, असं ग्राहक व्यवहार विभागाने 2023 मध्ये दुकानदारांना कळवलं होतं. त्याच वर्षीच्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचं तत्त्वही तेच आहे: संमती ज्या कामासाठी घेतली त्याच कामापुरती असते, आणि ती देणं जितकं सोपं तितकंच काढून घेणंही सोपं हवं. तो 'हो' आणि मेसेजखालचा 'बंद' हे त्या तत्त्वाचं आमच्या पट्ट्यातलं रूप आहे.

दुसरा प्रसंग अधिक जिव्हारी लागणारा होता. नागोठण्याकडच्या एका जुन्या गिऱ्हाइकाला नाव घालून मेसेज गेला. 'आपल्या घरी बाप्पाचं आगमन होत आहे' अशी त्याची सुरुवात होती. ते गृहस्थ आषाढात वारले होते. फोन मुलाकडे होता. त्याचं उत्तर आलं, "बाबा गेले. या वर्षी आमच्याकडे सण नाही. कृपया पाठवू नका." शेठ त्या माणसाला ओळखत होते. त्यांनी फोन माझ्यापुढे ठेवला आणि आम्ही दोघं बराच वेळ बोललो नाही.

त्यातून मजकुराबद्दल दोन गोष्टी ठरल्या. एक, शुभेच्छा दुकानाच्या बाजूने द्यायच्या. समोरच्याच्या घरात काय चाललं असेल हे गृहीत धरायचं नाही. 'आपल्या घरी आनंदाचे वातावरण असेल' असं आपण लिहितो तेव्हा ते आपल्याला ठाऊक नसतं. 'दुकानातर्फे शुभेच्छा' एवढंच पुरतं आणि सुतक असलेल्या घरालाही ते टोचत नाही. दुसरी म्हणजे थांबवण्याची सोय प्रत्येक मेसेजमध्ये हवी. दुःखात असलेल्या माणसाला कारण लिहावं लागू नये. एक शब्द लिहिला की काम झालं पाहिजे.

ती ओळ लिहायला दोन मिनिटं लागतात. पाळायला मात्र माणूस लागतो. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतून 'बंद' लिहिणाऱ्याचं नाव आपोआप जात नाही. ते हाताने काढावं लागतं, आणि नाव तीन याद्यांत असेल तर तिन्ही याद्यांतून. शिवाय लोक नेमकं 'बंद' लिहीतच नाहीत. कोणी 'नको' लिहितं, कोणी इंग्रजी अक्षरांत band, कोणी STOP, कोणी नुसता हात जोडल्याचं चिन्ह पाठवतं आणि ते आभार आहेत की नकार हे कळत नाही. त्यासाठी आम्ही नियम केला: नकाराची शंका आली तर नकार धरायचा.

दुकानातल्या हिशेब लिहिणाऱ्या ताईंकडे त्याची वही दिली. मेसेज गेल्यावर रोज दुकान बंद करण्यापूर्वी त्या उत्तरं बघतात, नंबरला 'ऑफर नको' असं लेबल लावतात, सगळ्या याद्यांतून तो काढतात आणि वहीत तारखेसह लिहितात. मग एकच उत्तर जातं: "नोंद केली. यापुढे ऑफरचे संदेश येणार नाहीत. दुरुस्ती किंवा वॉरंटीसाठी याच नंबरवर कळवा." का नको, असं विचारायचं नाही. फोन करायचा नाही. एका दुकानदाराने 'बंद' लिहिणाऱ्यांना फोन करून 'काही चुकलं का आमचं' असं विचारायला सुरुवात केली. भावना चांगली होती, पण लोकांनी फोन उचलणं सोडलं आणि नंबर ब्लॉक केला. मग फ्रीज दुरुस्तीला येणाऱ्या मेकॅनिकची वेळ कळवायलाही मार्ग उरला नाही. ऑफरचे आणि कामाचे मेसेज वेगळे असल्याचं त्या ओळीत सांगितलं की माणूस ब्लॉक करत नाही, 'बंद' लिहितो. दुकानदाराच्या दृष्टीने हाच त्या ओळीचा मोठा फायदा.

वही ठेवूनही एकदा घोळ झालाच. दिवाळीआधी शेठच्या मुलाने नवा फोन घेतला आणि जुन्या बिलांवरून याद्या नव्याने केल्या. 'बंद' लिहिलेले सगळे परत यादीत आले. त्यांतल्या एका शिक्षकांनी गणपतीतल्या आपल्या 'बंद'चा आणि दुकानाच्या 'नोंद केली'चा फोटो काढून पाठवला. खाली एक शब्द लिहिला नव्हता. आता नियम असा आहे की नवी यादी केली की आधी वहीतल्या नंबरांशी ताडून बघायची, मगच वापरायची. ती वही फोनबरोबर बदलत नाही.

साध्या एसएमएसचा मार्ग याहून अवघड आहे. खारपट्ट्यात अजून बरेच जण साधे फोन वापरतात, म्हणून काही दुकानदार एसएमएस मागतात. पण आपल्या दहा आकडी नंबरवरून जाहिरातीचे एसएमएस घाऊक पाठवता येत नाहीत. ट्रायच्या 2018 च्या नियमांप्रमाणे डीएलटी व्यवस्थेत दुकानाची नोंद करावी लागते, पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा साचा मंजूर करून घ्यावा लागतो. ग्राहकाने 1909 वर तक्रार केली तर नंबरवर कारवाई होऊ शकते. त्यात मराठीची आणखी एक अडचण आहे. इंग्रजी एसएमएसमध्ये 160 अक्षरं बसतात, देवनागरीत 70. काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते, म्हणजे 'सूट' या शब्दाची तीन अक्षरं होतात. सत्तरात तारीख, वस्तू, अट आणि थांबवण्याचा मार्ग बसत नाही. मेसेज दोन-तीन तुकड्यांचा होतो आणि तेवढे पैसे पडतात. अशा वेळी मी शुभेच्छा काढते, अट काढत नाही. बऱ्याच दुकानदारांना हे उलटं वाटतं. पण शुभेच्छा राहिल्या तर कोणाचं नुकसान होत नाही, तारीख राहिली तर कोणीतरी उगाच फेरा मारतो.

गेल्या वर्षी, 2025 मध्ये, एका वेगळ्याच कारणाने या सगळ्या सवयी कामाला आल्या. 22 सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेपासून, जीएसटीचे दर बदलले. शेठचा मजकूर तयार होता: "फ्रीज, वॉशिंग मशीन, टीव्ही, एसी सगळे 10% स्वस्त!" नेहमीप्रमाणे मी एकेक वस्तू घेऊन बसले. एसी आणि 32 इंचांहून मोठे टीव्ही 28 टक्क्यांवरून 18 वर आले होते, हे खरं. पण फ्रीज आणि वॉशिंग मशीन 2018 पासूनच 18 टक्क्यांवर होते. त्यांचा दर बदललाच नव्हता. आणि ज्यांचा बदलला तेही दहा टक्क्यांनी स्वस्त झाले नव्हते. कर मूळ किमतीवर लागतो. मूळ किंमत 25,000 धरली तर 28 टक्क्यांनी टीव्ही 32,000 ला पडत होता, 18 टक्क्यांनी 29,500 ला पडेल. फरक 2,500 रुपयांचा, म्हणजे जुन्या किमतीच्या पावणेआठ टक्क्यांच्या आसपास.

कागदावर हा हिशेब मांडल्यावर शेठ म्हणाले, "मग टक्के नकोच लिहू या. मॉडेलचा जुना भाव आणि नवा भाव लिहू." त्यांनीच काढलेला हा मार्ग मला सगळ्यात पटला. ग्राहक शेवटी रुपयांत मोजतो. मेसेजमध्ये तीन टीव्हींचे आणि दोन एसींचे दोन्ही भाव गेले, आणि खाली एक ओळ: फ्रीज व वॉशिंग मशीनच्या करात बदल नाही. ती ओळ वाचून नवरात्रात फ्रीज घ्यायचं ठरवून बसलेले काही जण आले नाहीत. शेठना त्याचं वाईट वाटलं, मलाही वाटलं. पण आले असते तर भाव विचारून, हिरमुसून परत गेले असते आणि पुढचा मेसेज त्यांनी न वाचता पुसला असता.

मेसेज नीट लिहिला की विक्री वाढते, असं मी कोणत्याही दुकानदाराला सांगत नाही, कारण तसं दरवेळी होत नाही. ऑफर मुळात बारीक असेल तर स्पष्ट अटींनी तिचं बारीकपण अधिक दिसतं. धमाका लिहिणाऱ्या शेजारच्या दुकानात पहिल्या दिवशी गर्दी जास्त असते, हेही मी पाहिलं आहे. फरक दिसतो तो काउंटरवरच्या बोलण्यात. 'तुम्ही तर असं लिहिलं होतं' ही सुरुवात कमी होते आणि 'ते दुसरं मॉडेल आहे का अजून' ही सुरुवात वाढते. 'बंद' लिहिणारे थोडे असतात, आणि त्यांतले कित्येक दुरुस्तीला, खरेदीला त्याच दुकानात येतात. त्यांना दुकान नको नव्हतं, मेसेज नको होते.

आता नवीन दुकानदार आला की मी त्याला आधी मजकूर मागत नाही, प्रश्नांचं पान भरून मागते. शेवटी गेलेल्या मेसेजची एक प्रत छापून काउंटरवर चिकटवायला सांगते. ग्राहकाच्या फोनमध्ये जे आहे तेच विकणाऱ्या पोराच्या समोर असलं पाहिजे. शेठ बाहेरगावी असोत की जेवायला गेलेले असोत, बंद फ्रीजचे सातशे म्हणजे सातशेच, आणि 17 तारखेला रात्री आठ वाजता आलेल्या माणसालाही ते मिळालेच पाहिजेत. हे पाळता येणार नसेल, तर तो मेसेज पाठवू नये, असं मी आता दुकानदाराला तोंडावर सांगते. बहुतेक जण ऐकतात.